पंधरा ग्रॅमचं एक्स्चेंज : खान्देशातल्या ताटात भाकरी, भात, केळी आणि दूध कसं मोजायचं

डायबेटिस झाल्यावर आहारतज्ज्ञाकडून एक कागद मिळतो. त्यावर लिहिलेलं असतं : नाश्ता ३ एक्स्चेंज, जेवण ४, संध्याकाळी १, रात्री ४. सोबत एक छापील तक्ता असतो, त्यात 'पोळी १, भात अर्धी वाटी, केळी अर्धी' असं काहीतरी असतं. कागद घरी येतो आणि तिथेच अडतो. तक्त्यातली पोळी कोणाच्या घरची, वाटी केवढी, केळी कुठली, हे त्यात कुठेच नसतं. जळगाव-धुळ्याकडची भाकरी आणि शहरी तक्त्यातला फुलका यांत तिपटीचा फरक पडू शकतो. म्हणून तक्ता पाठ करण्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघराचं माप एकदा काढून घ्यावं. त्याला एक-दोन दिवस आणि एक वजनकाटा लागतो. ते कसं करायचं, ते या लेखात आहे.

एक एक्स्चेंज म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं. १५ ग्रॅम अन्न नव्हे, हे पहिल्याच दिवशी नीट समजून घ्या, कारण नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात पाणीच जास्त असतं, कर्बोदकं फक्त २८ ग्रॅमच्या आसपास. म्हणून भाताचं एक एक्स्चेंज ५५ ग्रॅमचं, टरबुजाचं २०० ग्रॅमचं आणि साखरेचं १५ ग्रॅमचं होतं. ही पद्धत अमेरिकेत १९५० साली पहिल्यांदा छापली गेली. कल्पना अशी की एका एक्स्चेंजच्या जागी दुसरं ठेवलं तर कर्बोदकांचा हिशोब जवळपास तोच राहतो. 'जवळपास' हा शब्द महत्त्वाचा आहे. १५ म्हणजे काटेकोर १५ नसतं, ११ ते २० ग्रॅमपर्यंत एकच एक्स्चेंज धरतात. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत १० ग्रॅमची मापं दिसतात, ती या हिशोबात मिसळू नका.

लागणारं सामान थोडंच आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, भांडं ठेवून शून्य करण्याचं बटण असलेला. घरात रोज वापरली जाते ती एकच वाटी, एकच ग्लास आणि एकच चमचा. आणि फ्रिजवर चिकटवायला एक कागद. वाटीचं माप आधी काढा : रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा, जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलीटर. स्टीलच्या वाट्या १२० पासून २०० मिलिलीटरपर्यंत असतात आणि एकाच घरात तीन आकाराच्या सापडतात. पेशंटची वाटी ठरवून बाजूला काढली नाही तर पुढचं सगळं माप वाया जातं.

भाकरी आणि पोळी : पीठ मोजा, भाकरी नको

तयार भाकरी काट्यावर ठेवून काही कळत नाही. तव्यावर किती पाणी उडालं यावर तिचं वजन बदलतं. गोळ्याचं वजनही फसवतं, कारण गव्हाच्या कणकेत शंभर ग्रॅम पिठाला साठ-सत्तर ग्रॅम पाणी जातं आणि ज्वारीला त्याहून जास्त. मोजायचं ते कोरडं पीठ. सोपा आकडा असा : २५ ग्रॅम कोरडं पीठ म्हणजे एक एक्स्चेंज, म्हणजेच १०० ग्रॅम पिठाचे चार. गहू आणि बाजरीला हा आकडा नीट बसतो. ज्वारीत कर्बोदकं थोडी जास्त असतात, काटेकोर धरायचं तर २२ ग्रॅम. औषधाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना २५ पुरेसा आहे. जेवणातल्या कर्बोदकांवरून इन्सुलिनचे युनिट ठरवणाऱ्यांनी मात्र ज्वारीला २२ धरावं, कारण रोज दोन-तीन भाकऱ्यांत ती चूक एकाच बाजूला साठत जाते.

पोळीसाठी असं करा. परात काट्यावर ठेवून शून्य करा आणि घरात रोज लागतं तितकं पीठ घ्या. समजा ४०० ग्रॅम झालं. लाटताना लावायचं पीठही याच चारशेतून घ्या, शेवटी जे उरेल ते परत मोजून वजा करा. ४०० ग्रॅमचे १६ एक्स्चेंज. त्या पिठाच्या सोळा पातळ पोळ्या झाल्या तर प्रत्येकी एक. घडीच्या दहाच झाल्या तर प्रत्येकी १.६. पोळ्या करणारा हात तोच असेल तर हा आकडा महिनोन्महिने फारसा बदलत नाही. सून माहेरी गेली आणि सासूबाईंनी पोळ्या केल्या, की बदलतो.

भाकरीचं काम उलट सोपं आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते एकदम मळून ठेवत नाहीत, एकेका भाकरीपुरतं मळतात. तेव्हा एका भाकरीला करणारी जितकं पीठ घेते तितकं फक्त एकदा काट्यावर घालून बघा. खान्देशी हाताची भाकरी ७० ते १०० ग्रॅमची सहज निघते, म्हणजे एकेक भाकरी तीन ते चार एक्स्चेंजची. तक्त्यात 'भाकरी १' लिहिलेलं वाचून दोन खाल्ल्या तर पेशंटला वाटतं दोन झाले, प्रत्यक्षात सात झालेले असतात. 'गव्हाची पोळी बंद केली, फक्त भाकरीच खातो, तरी शुगर उतरत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच गणित असतं. ज्वारी चांगलीच आहे, तिच्यात तंतू आहेत. पण तिची कर्बोदकं गव्हाइतकीच आहेत, थोडी जास्तच.

कळण्याची भाकरी थोडी बरी पडते. तीन-चार भाग ज्वारीला एक भाग सालीसकट उडीद दळलेले असतात, त्यामुळे प्रथिनं आणि तंतू वाढतात आणि कर्बोदकं जराशी घटतात. तिला २५ ग्रॅमचा आकडा बरोबर बसतो. भाकरी कमी करायची तर पेशंटसाठी ५० ग्रॅम पिठाची वेगळी भाकरी थापा, तिचे दोन एक्स्चेंज. ५० ग्रॅम पीठ घरातल्या कुठल्या वाटीत कुठपर्यंत येतं ते एकदा बघून ठेवा, म्हणजे रोज काटा काढावा लागत नाही. आकारावर जाऊ नका. हात चांगला असेल तर ५० ग्रॅमचीही भाकरी ताटभर पातळ थापता येते, आणि ८० ग्रॅमची जाड भाकरी तिच्यापेक्षा लहान दिसते.

वरण-बट्टीच्या दिवशीही पीठच मोजा. अर्धा किलो पीठ आणि रवा मिळून दहा बट्ट्या केल्या तर एक बट्टी दोन एक्स्चेंजची. पंगतीत तीन बट्ट्या कोणी मोजतही नाही, पण तिथेच सहा होतात, वरण वेगळं. तुपात कर्बोदकं नाहीत, म्हणून ते या हिशोबात येत नाही. मात्र भरपूर तुपामुळे पोट हळू रिकामं होतं आणि साखर उशिरा चढते. दोन तासांचं रीडिंग चांगलं दिसतं आणि चौथ्या तासाला वाढलेलं सापडतं. बट्टीच्या दिवशी दोन्ही वेळा तपासा.

भात आणि खिचडी

कच्चा तांदूळ २० ग्रॅम म्हणजे एक एक्स्चेंज. हा आकडा पक्का आहे, कारण कच्च्या तांदळात पाण्याचा घोळ नाही. शिजलेला भात मऊ की मोकळा यावर त्याचं वजन बदलतं, म्हणून घरच्या भाताचं माप घरीच काढायचं. कुकरच्या भांड्याचं रिकामं वजन लिहून ठेवा. ३०० ग्रॅम तांदूळ लावा, त्याचे १५ एक्स्चेंज. भात झाल्यावर भांड्यासकट वजन करा, भांडं वजा करा. ८४० ग्रॅम भात निघाला तर ८४० भागिले १५, म्हणजे ५६ ग्रॅम भाताचं एक एक्स्चेंज. आता पेशंटच्या वाटीत ५६ ग्रॅम भात न दाबता घालून बघा. वाटी दीडशे मिलिलीटरची असेल तर तो साधारण अर्ध्यापर्यंत येतो, आणि काठाला सपाट भरलेली पूर्ण वाटी दोन एक्स्चेंजची होते. वाटी दाबून भरून ताटात उपडी केलेली मूद अडीचच्या पुढे जाते. सपाट आणि शिगोशीग, यातच अर्धं एक्स्चेंज असतं.

खान्देशात रात्री भातापेक्षा खिचडी जास्त घरांत शिजते, आणि छापील तक्त्यात खिचडी क्वचितच असते. तिचं माप काढायला दोन आकडे लागतात : तांदूळ २० ग्रॅमला एक, कोरडी तूरडाळ २८ ग्रॅमच्या आसपास एक. समजा २०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम तूरडाळ घेतली. तांदळाचे १०, डाळीचे साडेतीन, शेंगदाणे आणि कांदा मिळून अर्धं धरा, एकूण १४. शिजल्यावर खिचडी १०५० ग्रॅम निघाली तर ७५ ग्रॅमला एक एक्स्चेंज. ताटात सैल हाताने वाढलेली खिचडी ३०० ग्रॅम सहज असते, म्हणजे चार. वरून कच्चं तेल घेतलं तर उष्मांक वाढतात, एक्स्चेंज तेवढेच राहतात.

खिचडीत एक बारीक गोष्ट आहे. हे ७५ ग्रॅमचं माप गरम, सैल खिचडीचं. सकाळी उरलेली खिचडी घट्ट होते, फोडणी देऊन परतली की आणखी पाणी उडतं. तेव्हा त्याच ७५ ग्रॅममध्ये दाणा जास्त आणि पाणी कमी असतं. फोडणीच्या खिचडीला ६० ग्रॅमला एक असं धरलं तर चूक कमी होते. उलट, आजारी माणसासाठी पातळ केलेल्या खिचडीला ७५ धरलं तर कर्बोदकं ठरल्यापेक्षा कमी जातात, आणि गोळी किंवा इन्सुलिन नेहमीचंच असेल तर साखर खाली येऊ शकते.

वरणाचा हिशोब लोक विसरतात, कारण ते 'प्रोटीन' म्हणून वाढलं जातं. त्यात दोन्ही आहे. एका वाटीत कोरडी डाळ किती गेली ते बघा : २० ग्रॅम असेल तर सुमारे ११ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पाऊण एक्स्चेंज. घट्ट गोडं वरण असेल तर पूर्ण एक. शेवभाजीचंही तसंच. शेव बेसनाची असते, ३०-३५ ग्रॅम शेवेत एक एक्स्चेंज जातं. भरीत, पालेभाजी, मेथी, गिलकी, काकडी, पातीचा कांदा आणि ठेचा यांना मात्र मोजायची गरज नाही. आजूबाजूला भरताची वांगी पिकवणारी गावं असणं ही खान्देशी पेशंटची मोठीच सोय आहे. भाकरी कमी झाल्यावर ताट याच गोष्टींनी भरायचं असतं.

फळं, म्हणजे आधी केळी

रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात केळी बंद करा असं सांगणं व्यवहारात टिकत नाही. बागेतून घरी आलेला फणा समोर असतो. आणि बंद करायची गरजही नाही, मोजायची गरज आहे. केळीच्या १०० ग्रॅम गरात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे ६५ ग्रॅम गर हे एक एक्स्चेंज. सालीचं वजन फळाच्या सुमारे एक तृतीयांश असतं, म्हणून सालीसकट १०० ग्रॅमची केळी म्हणजे एक एक्स्चेंज असं लक्षात ठेवता येतं.

आता बागेतली केळी काट्यावर ठेवा. ग्रँड नैनचं चांगलं भरलेलं फळ सालीसकट १४० ते १८० ग्रॅम असतं. १८० ग्रॅमचं असेल तर गर सुमारे ११५ ग्रॅम, कर्बोदकं २६, म्हणजे पावणेदोन एक्स्चेंज. तक्त्यातली 'अर्धी केळी' या फळाला बऱ्यापैकी लागू पडते, 'एक लहान केळी' अजिबात नाही. अर्धी खाऊन उरलेली काळी पडते आणि मग घरात कोणी खात नाही, म्हणून तीही पेशंटच संपवतो, हा नेहमीचा प्रकार आहे. त्यावर उपाय म्हणजे फण्यातली टोकाकडची लहान फळं त्याच्यासाठी वेगळी काढावीत किंवा दोघांनी एक वाटून घ्यावी.

पिकण्याचाही परिणाम होतो. हिरवट केळीत पिष्ट जास्त असतं, डाग पडलेल्या केळीत त्याची साखर झालेली असते. एकूण कर्बोदकं फारशी बदलत नाहीत, पण पिकलेली केळी साखर लवकर चढवते. एक्स्चेंज तेच, वेग वेगळा. कच्च्या केळीची भाजीही हिशोबात धरायची, आणि केळीचे वेफर्स तर पाण्याशिवायचे आणि तळलेले असल्याने २५ ग्रॅमच्या आसपासच एक एक्स्चेंज होतात, म्हणजे जेमतेम मूठभर. ज्यांना किडनीचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी केळीचा निर्णय एक्स्चेंजवरून घेऊ नये. तिथे डॉक्टरांचा शब्द आधी.

बाकीच्या फळांचं एक एक्स्चेंज, नुसत्या गराच्या वजनात : टरबूज २०० ग्रॅम, मोसंबी १५०, शहाद्याकडची पपई १४०, सफरचंद ११० ते १२०, आंबा १००, द्राक्षं ८५ ते ९०, चिकू ७५, सीताफळ ७०. सीताफळात बिया आणि साल खूप असल्यामुळे अख्ख्या फळाच्या वजनावरून अंदाज चुकतो, गर काढून एकदाच मोजा. पेरूत तंतू भरपूर आहेत, त्यामुळे मध्यम आकाराचा एक पेरू एक एक्स्चेंज धरला तरी साखर हळू चढते. यातल्या कुठल्याही फळाचा रस काढला की हिशोब बिघडतो, कारण एका ग्लासला दोन-तीन मोसंबी लागतात आणि तंतू गाळणीत राहतात.

आखाजीच्या आमरसालाही हेच लागू : दीडशे मिलिलीटरची वाटी बिनसाखरेची असली तरी दीड एक्स्चेंज, साखर घातली तर प्रत्येक सपाट चमच्याला ४ ग्रॅम वाढतात. सोबतच्या खापरावरच्या पुरणपोळीचा हिशोब सामानावरून करा. अर्धा किलो हरभरा डाळीचे १६-१७, अर्धा किलो गुळाचे सुमारे २९, अर्धा किलो पिठाचे २०, एकूण ६६. त्यातून दहा मांडे झाले तर एक मांडा साडेसहा एक्स्चेंजचा. पाव मांडा खाल्ला तरी दीडच्या पुढे जातं. सणाच्या दिवशी भाकरी-भात वगळून पाव मांडा आणि अर्धी वाटी रस घेता येतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, लपवून खाल्लेलं मोजलं जात नाही एवढाच तोटा.

दूध, चहा, ताक

दूध १०० मिलिलीटरमध्ये साधारण ५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ३०० मिलिलीटरला एक एक्स्चेंज. घरचा २०० मिलिलीटरचा ग्लास दोन तृतीयांश होतो. अमेरिकी तक्त्यात २४० मिलिलीटरच्या कपाला १२ ग्रॅम धरून दुधाचं एक एक्स्चेंज म्हणतात, त्यामुळे दोन तक्त्यांत फरक दिसला तर गोंधळू नका. म्हशीचं, गाईचं, पिशवीतलं टोन्ड, सगळ्यांत कर्बोदकं जवळपास सारखीच. फरक स्निग्धांशाचा आहे. साय काढून टाकली की उष्मांक कमी होतात, दुधातली साखर तशीच राहते. 'साय काढलेलं आहे, कितीही चालतं' हे म्हणून चूक. उलट त्याच दुधात पाणी घातलं तर कर्बोदकं खरोखर कमी होतात, हे दूधवाल्याच्या कृपेने अनेकांच्या घरी आपोआप घडत असतं.

दुधापेक्षा चहा जास्त बिघडवतो. एका कपात ६० मिलिलीटर दूध म्हणजे ३ ग्रॅम, आणि दोन चमचे साखर ८ ते १२ ग्रॅम, चमचा सपाट की भरलेला यावर. दिवसातून चार कप झाले की ५० ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे सव्वातीन एक्स्चेंज, आणि ते कागदावर कुठेच नोंदलेले नसतात. बिनसाखरेचे तेच चार कप १२ ग्रॅमवर येतात. पातळ ताकाचा ग्लास दोन-तीन ग्रॅमचा असतो, त्याला सोडून द्या.

एक ताट मोजून बघू

रावेर तालुक्यातला पंचावन्न वर्षांचा एक शेतकरी धरू. आहारतज्ज्ञाने त्याला दिवसाचे १२ एक्स्चेंज दिले आहेत, म्हणजे १८० ग्रॅम : नाश्ता ३, दुपारी ४, संध्याकाळी १, रात्री ४. हा आकडा त्याच्या वजनावर, कामावर आणि औषधांवर ठरलेला आहे, तो उचलून दुसऱ्याने वापरायचा नाही.

आज तो दुपारी काय खातो ते बघू. कळण्याच्या दोन भाकऱ्या, प्रत्येकी ८० ग्रॅम पिठाची : १६० भागिले २५, म्हणजे ६.४. एक सपाट वाटी भात : २. एक वाटी वरण : पाऊण. जेवणानंतर बागेतली एक केळी : पावणेदोन. बेरीज जवळपास ११. कागदावर चार लिहिलेले आहेत आणि तो स्वतः 'भाकरी-वरणच तर खातो' असं प्रामाणिकपणे सांगतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आता चारमध्ये बसवू. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी, दोन. अर्धी वाटी भात, एक. वरणाची वाटी, पाऊण, ती एक धरू. चार झाले. ताट रिकामं वाटणार, म्हणून भरताची मोठी वाटी, पालेभाजी, काकडी, ठेचा आणि ताक. मांसाहारी असेल तर अंडं किंवा मासा, नसेल तर पनीर, यांनी पोट भरतं आणि एक्स्चेंज वाढत नाही. केळी संध्याकाळच्या एका एक्स्चेंजमध्ये जाते, फण्यातलं लहान फळ, आणि त्या वेळचा चहा बिनसाखरेचा. रात्री २२५ ग्रॅम खिचडी म्हणजे तीन, आणि झोपण्यापूर्वी पाऊण ते एक ग्लास दूध हवं असेल तर त्याला उरलेलं एक द्यावं. सकाळी ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी म्हणजे तीन. पोहे तांदळाचेच, वीस ग्रॅमला एक.

इथे एक इशारा. ११ वरून ४ वर एका दिवसात येऊ नका, डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तर नाहीच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असताना जेवण एकदम कमी झालं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी, अचानक चिडचिड ही त्याची लक्षणं. तेव्हा १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्या, म्हणजे चार सपाट चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तेवढ्यानेही ७० च्या वर आली नाही तर पुन्हा द्या. माणूस गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. अशा वेळी केळी, दूध किंवा पेढा देऊ नये. त्यांतही पंधरा ग्रॅम असतील, पण पिष्ट आणि स्निग्धांश यांमुळे ते रक्तात उशिरा पोचतात. साखर खाली जाण्याचे प्रसंग पुन्हा येत असतील तर खाणं वाढवून झाकू नका, औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

माप बरोबर आहे का, कसं ओळखायचं

ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा. शेवटच्या घासापासून मोजू नका. जेवणानंतर बहुतेक प्रौढांना १८० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, तुमचं लक्ष्य तुमच्या डॉक्टरांचं. एकाच रीडिंगवरून निष्कर्ष काढू नका. तेच चार एक्स्चेंजचं ताट तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. तिन्ही वेळा जवळपास सारखी वाढ झाली तर माप नीट आहे, आणि ती वाढ जास्त असेल तर प्रश्न एक्स्चेंजच्या संख्येचा किंवा औषधाचा आहे, तो डॉक्टरांकडे न्या. तीन दिवसांत मोठा फरक दिसला तर माप हललेलं आहे. मग आधी हे तपासा : वाटी बदलली का, भाकरी कोणी केली, भात दाबून वाढला का, चहात साखर गेली का, शेतात जाणं झालं की घरीच बसणं. शेतीच्या कामाच्या दिवशी तेच ताट कमी साखर चढवतं, आणि थंडीतापात उगाच जास्त.

सारख्या एक्स्चेंजच्या दोन गोष्टी सारखीच साखर चढवतील, असंही धरून चालू नका. दोन एक्स्चेंजचा भात आणि दोन एक्स्चेंजची कळण्याची भाकरी, दोन्हीत तीस ग्रॅम आहेत, तरी बऱ्याच जणांना भातानंतरचं रीडिंग जास्त येतं. हे तुमच्या शरीराचं आहे की नाही ते तक्ता सांगणार नाही. एक दिवस भात, एक दिवस भाकरी, बाकी ताट तेच ठेवून बघा आणि आलेले आकडे फ्रिजवरच्या कागदावर त्या-त्या पदार्थासमोर लिहा.

त्या कागदावर एवढंच असावं : आमची वाटी इतक्या मिलिलीटरची. आमची पोळी इतक्या एक्स्चेंजची. पेशंटची भाकरी ५० ग्रॅम पिठाची, दोन. भात इतके ग्रॅम, खिचडी इतके ग्रॅम. केळी सालीसकट १०० ग्रॅम. दूध ३०० मिलिलीटर. नवीन तांदूळ आणला, गिरणी बदलली किंवा स्वयंपाक करणारा हात बदलला, की भात, खिचडी आणि पोळी यांचं माप पुन्हा काढा. बाकीचे आकडे तसेच राहतात.